तेच २० गुण: ज्येष्ठांच्या चाचणीत जीवनमान मोजताना

आमची चाचणी साधी होती. पासष्टीच्या पुढची, गुडघेदुखी असलेली माणसं, १२ आठवडे ताकदीचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम. दुसऱ्या गटाला नेहमीचा सल्ला. खुर्चीवरून उठणं आणि चालणं कसं मोजायचं हे पहिल्या दिवशीच ठरलं. “रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांतलं जीवनमान” कशाने मोजायचं, यावर मात्र आमचे दोन महिने गेले. ते गेले ते बरं झालं असं मला अजूनही वाटतं.

मी आधी एसएफ-३६ ही तब्येतीबद्दलची ३६ प्रश्नांची प्रश्नावली घेतली होती. सगळे वापरतात म्हणून. छापील प्रती घेऊन बारा जणांबरोबर बसले. शारीरिक क्षमतेच्या दहा प्रश्नांतला पहिलाच धावणं, जड वस्तू उचलणं अशा दमवणाऱ्या कामांबद्दल आहे. एक आजी म्हणाल्या, “मी धावतच नाही गं, मग अडचण कसली?” आणि त्यांनी ‘अजिबात अडचण नाही’वर खूण केली. शेजारच्या आजोबांची तब्येत जवळपास तशीच. त्यांनी ‘खूप अडचण’ निवडलं. गुण देताना पहिल्या उत्तराचे १०० होतात, दुसऱ्याचे ०, आणि दहा प्रश्नांची सरासरी काढली की एवढ्या एकाच प्रश्नामुळे दोघांत १० गुणांचं अंतर पडतं. दोघांच्या गुडघ्यांत ते अंतर नव्हतं. प्रश्नावली वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण आमच्या लोकांना तो प्रश्न दोन वेगळ्या अर्थांनी कळत होता.

मग ईक्यू-५डी-५एल ही दुसरी प्रश्नावली पाहिली. पाचच प्रश्न, प्रत्येकाला पाच पातळ्या, उत्तरं ‘आज’बद्दल. भरायला सोपी. पण गुडघा एक दिवस ठणकतो, दुसऱ्या दिवशी शांत असतो. शांत दिवशी आलेल्यांनी सुरुवातीलाच १११११ लिहिलं, म्हणजे कुठेच त्रास नाही. त्यांना सुधारायला जागाच उरत नव्हती. शिवाय ते पाच आकडे म्हणजे बेरजेचे गुण नव्हेत. २१२३१ आणि १११३३ या दोघांची बेरीज ९ येते, पण पहिल्याला चालण्याचा, रोजच्या कामांचा आणि दुखण्याचा त्रास आहे, दुसऱ्याला दुखणं आणि चिंता. एकच आकडा हवा असेल तर त्या देशासाठी ठरवलेला मूल्यसंच लागतो, म्हणजे कोणत्या त्रासाला किती वजन द्यायचं याचा तक्ता. खर्चाचा हिशेब मांडायचा असता तर आम्ही हीच घेतली असती.

शेवटी जागतिक आरोग्य संघटनेची २६ प्रश्नांची प्रश्नावली घेतली, तिला सगळे ‘ब्रेफ’ म्हणतात. ती मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, म्हणून एखाद्या चांगल्या-वाईट दिवसाचा जोर कमी होतो. आणि ‘तुम्ही किती चालू शकता’ एवढ्यावर ती थांबत नाही, ‘रोजची कामं करण्याच्या आपल्या क्षमतेवर तुम्ही किती समाधानी आहात’ असंही विचारते. चालणं आम्ही घड्याळ लावून मोजतच होतो. समाधान मोजायला दुसरं काही नव्हतं. तिच्या चार विभागांपैकी शारीरिक विभाग हाच आमचा मुख्य निकष, हे पहिला माणूस दाखल होण्याआधी लिहून ठेवलं. आकडे हातात आल्यावर चारांतला जो हलला तो मुख्य, असं करता येत नाही.

भरून घेताना एक गोष्ट फार जपली. बऱ्याच जणांना बारीक अक्षर दिसत नव्हतं, म्हणून प्रश्न वाचून दाखवावे लागले. पण व्यायाम शिकवणाऱ्या व्यक्तीने ते वाचायचे नाहीत. जिने तीन महिने हात धरून उभं केलं तिच्या तोंडावर ‘फारसा फरक नाही’ म्हणणं माणसाला जड जातं. आमच्याकडे वाचणारी मुलगी वेगळी होती, कोण कोणत्या गटात हे तिला माहीत नव्हतं, आणि ज्याला पहिल्यांदा वाचून दाखवलं त्याला १२ आठवड्यांनीही वाचूनच दाखवलं.

प्रश्न २१ लैंगिक जीवनातल्या समाधानाचा आहे. तो पुष्कळांनी कोरा सोडला, विशेषतः जोडीदार गेलेल्यांनी. सामाजिक विभागात प्रश्न तीनच, त्यातला एक गेला की दोन उरतात. गुणांकनाच्या आज्ञेत दोन उत्तरं असली तरी सरासरी निघते, पण ती मग फक्त नातेसंबंध आणि मित्रांची मदत यांबद्दल बोलते. आम्ही कोणाला आग्रह केला नाही. कोरं ते कोरंच नोंदवलं, आणि किती जणांनी सोडलं ते अहवालात दिलं.

आता गुणांचं. शारीरिक विभागात सात प्रश्न: ३, ४, १०, १५, १६, १७, १८. प्रत्येकाचं उत्तर १ ते ५. पैकी ३ (दुखण्यामुळे कामं अडतात का) आणि ४ (रोजच्या जगण्यासाठी उपचारांची किती गरज लागते) उलटे आहेत, कारण तिथे मोठा आकडा म्हणजे वाईट. म्हणून ते ६ मधून वजा करायचे. मग सातांची सरासरी गुणिले ४, त्यातून ४ वजा, आणि उरलेल्याला १६ ने भागून १०० ने गुणायचं.

सगळं हाताशी असून पहिल्या विश्लेषणात व्यायामाच्या गटात काहीच फरक दिसेना. माझा त्यावर विश्वास बसेना, कारण मी त्या माणसांना जिना चढताना पाहिलं होतं. मॅडम म्हणाल्या, “एक फॉर्म घे आणि कागदावर सोडव.” मी एका आजींचा घेतला. सुरुवातीची उत्तरं, प्रश्नांच्या क्रमाने: ४, ४, ३, २, ३, २, २. पहिली दोन उलटवली की २ आणि २, बेरीज १६, आणि गुण ३२.१. बारा आठवड्यांनी: २, ४, ३, ३, ३, ३, २. उलटवल्यावर ४ आणि २, बेरीज २०, गुण ४६.४. म्हणजे १४ गुणांची वाढ. मग न उलटवता बेरीज केली. आधी २०, नंतरही २०. संगणकातल्या फाइलीत दोन्ही वेळा ४६.४ होते.

कारण सापडायला अर्धा दिवस लागला. उलटवण्याची आज्ञा त्याच फाइलीवर दोनदा चालवली गेली होती. पहिल्यांदा ४ चा २ झाला, दुसऱ्यांदा २ चा परत ४. आम्ही वापरत होतो ते एसपीएसएस हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर अशा वेळी मूळ रकाना पुसून त्यावरच लिहितं, म्हणून काही चुकल्याची खूण राहत नाही. त्यानंतर आम्ही नेहमी नवे रकाने केले:

```
RECODE Q3 Q4 Q26 (1=5)(2=4)(3=3)(4=2)(5=1)
  INTO Q3r Q4r Q26r.
COMPUTE PHYS = MEAN.6(Q3r,Q4r,Q10,Q15,Q16,Q17,Q18)*4.
COMPUTE PHYS100 = (PHYS-4)*100/16.
EXECUTE.
```

प्रश्न २६ मानसिक विभागातला, पण तोही उलटा, म्हणून त्याच आज्ञेत आहे. `MEAN.6` म्हणजे सातांपैकी किमान सहा उत्तरं असतील तरच गुण काढ. कोऱ्या उत्तरासाठी ९ लिहिला असेल तर तो ‘उत्तर नाही’ म्हणून आधी जाहीर करावा लागतो, नाहीतर ९ सुद्धा सरासरीत शिरतो. चूक लवकर ओळखायची तर प्रत्येक प्रश्नाचा बाकीच्यांशी सहसंबंध पाहावा. आमच्या चुकलेल्या फाइलीत प्रश्न ३ चा सहसंबंध उणे होता. तो तक्ता मी आधी काढला असता तर तो अर्धा दिवस वाचला असता.

प्रश्न ४ ने शेवटपर्यंत छळलं. रक्तदाबाची गोळी रोज घेणारा माणूस तिथे ४ किंवा ५ लिहितो, आणि व्यायामाने ती गोळी सुटत नाही. त्या आजींचंही तेच, आधी ४, नंतर ४. असा न हलणारा प्रश्न विभागाची वाढ दाबून ठेवतो, म्हणून तो वगळावा असं मला वाटत होतं. संख्याशास्त्राच्या सरांनी ठाम नकार दिला: वगळलास तर ती ब्रेफ राहणार नाही, आणि दुसऱ्या कोणाच्याही आकड्यांशी तुलना करता येणार नाही. त्यांचं बरोबर होतं. मुख्य तक्त्यात सातही प्रश्न ठेवले, आणि खाली प्रत्येक प्रश्नातला बदल वेगळा दाखवला. प्रश्न ४ समोर जवळजवळ शून्य आहे, प्रश्न ३ आणि १७ समोर नाही.