फोटोतला उतार आणि 40 न्यूटनचा धक्का

भाची अकरावी सायन्सला आहे. रात्री व्हॉट्सॲपवर तिने वहीच्या पानाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मामा, घर्षण 31.5 येतंय, पुस्तकात 14.4 आहे. छपाईची चूक आहे का?’ गणित असं होतं: 30 अंशांच्या उतारावर 10 किलोचा ठोकळा, त्याला 40 न्यूटनचं आडवं बल उताराकडे ढकलतंय. स्थितिक घर्षण गुणांक 0.3. ठोकळा स्थिर असेल तर घर्षण बल किती आणि कुठल्या दिशेला?

फोटो तिरका काढलेला. वहीच्या निळ्या रेघा डाव्या बाजूला एकमेकींच्या जवळ आलेल्या, उजवीकडे फाकलेल्या. अशा फोटोत सरळ रेघ सरळच राहते, पण कोन राहत नाहीत. उताराशी काटकोनात काढलेला N चा बाण स्क्रीनवर ऐंशी-एक अंशांत दिसत होता आणि 30 लिहिलेला कोन जेमतेम वीसचा वाटत होता. म्हणून फोटोतून मी मापं घेत नाही. कुठला बाण कशाला टेकलाय, त्यावर काय लिहिलंय आणि कोनाचं चिन्ह कोणत्या दोन रेघांमध्ये आहे, एवढंच घेतो. आडवं म्हणजे काय हेही मोबाईलच्या कडेवरून ठरवायचं नाही. तिने त्रिकोणाचा पाया वहीच्या छापील रेघेवर काढला होता. ती रेघ आडवी, तिला वास्तवात लंब ते उभं. वजनाचा बाण स्क्रीनवर किंचित कललेला दिसत होता, पण तो त्रिकोणाच्या उभ्या बाजूला धरून होता, म्हणजे बरोबर होता.

कोनाचं चिन्ह फोटोच्या कडेला अर्धं कापलं गेलं होतं, ते तेवढं विचारून घेतलं. पायथ्याशी आहे की शेंड्याशी, हा प्रश्न किरकोळ नाही. शेंड्याचा कोन 30 असेल तर उतार 60 अंशांचा होतो आणि सगळी sin-cos अदलाबदल होते. पायथ्याशीच होता.

मग बाण मोजले. ठोकळ्यावर बल लावणारे कोण? पृथ्वी, उतार आणि ढकलणारा हात. उताराकडून दोन बलं येतात: पृष्ठभागाला लंब असलेलं N आणि पृष्ठभागाला समांतर असलेलं घर्षण f. म्हणजे एकूण चार बाण हवेत. तिच्या आकृतीत सहा होते, कारण mg बरोबर mg sinθ आणि mg cosθ हेही ठळक काढले होते. घटक काढायचे तर तुटक रेघेने काढावेत, नाहीतर वजन दोनदा मोजलं जातं. तिने बेरजेत ते दोनदा धरलं नव्हतं, पण आकृती बघणाऱ्याला ते कळणार कसं? मी तिला पान सपाट ठेवून आकृती परत काढायला लावली.

आता खरा गुंता. वर्गात सगळ्यांच्या तोंडी एकच ओळ असते: ‘उताराच्या दिशेने साइन, लंब दिशेने कॉस.’ वजनापुरती ती खरी आहे. वजन उभं असतं आणि उताराचा लंब उभ्या रेषेपासून θ ने कललेला असतो, म्हणून लंब घटक mg cosθ आणि उताराच्या दिशेचा mg sinθ. पण हाताचं बल P आडवं आहे. आडवी रेघ आणि उतार यांच्यातलाच कोन θ, त्यामुळे P चा उताराच्या दिशेचा घटक P cosθ येतो आणि लंब घटक P sinθ. भाचीने तेवढं बरोबर केलं होतं, पण पाठांतरावर विसंबलेली पोरं नेमकी इथे घसरतात. मी तिला पडताळा सांगितला: θ मनातल्या मनात शून्य कर. जमीन सपाट झाली की वजन ठोकळ्याला पुढे ढकलू शकत नाही, म्हणून त्या दिशेचा घटक शून्य व्हायला हवा, sin होतो. आडवं बल मात्र सपाट जमिनीवर पूर्णपणे पुढेच ढकलतं, म्हणून तिथे cos.

P चा लंब घटक ठोकळ्याला उतारावर दाबतो, हे विसरता कामा नये. g 9.8 धरला तर वजन 98 न्यूटन. त्यामुळे लंब दिशेत

```
N = mg cosθ + P sinθ
  = 84.9 + 20 = 104.9
```

नुसतं N = mg cosθ लिहिण्याची सवय लागलेली असते, ती या गणितात नडते.

उताराच्या दिशेने वजन 49 न्यूटनने खाली ओढतंय, हात 34.6 न्यूटनने वर ढकलतोय. घर्षण नसतं तर ठोकळा खाली आला असता. म्हणून घर्षण वरच्या दिशेला आणि त्याचं मूल्य उरलेली तूट भरून काढण्याइतकं:

```
f = 49 - 34.6 = 14.4
```

पुस्तकाचं उत्तर बरोबरच होतं. भाचीचं 31.5 कुठून आलं? 0.3 × 104.9. तिने f = μN थेट लिहिलं होतं. पण μN ही घर्षणाची कमाल मर्यादा आहे. ठोकळा निसटण्याच्या बेतात असेल तेव्हाच घर्षण तिथवर पोचतं. इथे गरज 14.4 ची आहे आणि ती 31.5 च्या आत बसते. स्थिर ठोकळ्याच्या गणितात मी आधी समतोलावरून f काढतो, मगच μN शी तुलना करतो. गरज जास्त निघाली तर ठोकळा घसरणार, आणि मग गतिज गुणांक लागतो.

दिशेचीही तशीच गोची होती. तिने घर्षणाचा बाण खाली काढला होता, का तर ‘हात वर ढकलतोय, घर्षण उलट असतं’. घर्षण हाताच्या उलट नसतं, सरकण्याच्या कलाच्या उलट असतं. दिशा चुकली तरी गणित बिघडत नाही, f ऋण येतो आणि आपल्याला कळतं. फक्त μN आधीच टाकून दिलं असेल तर ही खूण हाती लागत नाही.

तिला ते पटेना, म्हणून P बदलून बघितलं. हात अजिबात नसेल तर tan 30 म्हणजे 0.577, गुणांकापेक्षा जास्त, ठोकळा घसरतो. P साधारण 23.2 झाला की ठोकळा जेमतेम थांबतो, घर्षण पूर्ण ताकदीने वर. 56.6 ला घर्षण शून्य. त्यापुढे ते खाली वळतं आणि 104 ला ठोकळा वर सरकायच्या बेतात येतो. 40 हा या पट्ट्याच्या आत कुठेतरी आहे, टोकाला नाही.

शेवटी तिनेच विचारलं, ‘उतार अजून उभा केला तर P वाढवत नेला की जाईलच ना वर?’ वर सरकवायला लागणारा P असा येतो:

```
P = mg (sinθ + μ cosθ) / (cosθ - μ sinθ)
```

खालचा भाग शून्य होतो तो tanθ = 1/μ ला. μ 0.3 असताना तो कोन सुमारे 73.3 अंश. त्याच्यापुढे कितीही जोर लावला तरी ठोकळा वर जात नाही, कारण आडव्या बलातला जितका भाग वर ढकलतो, त्याहून जास्त घर्षण तेच बल उतारावर दाबून निर्माण करतं. 75 अंश घालून बघ म्हटलं. कॅल्क्युलेटरवर P ऋण आला.