तुम्ही विचारलंत म्हणून: वीस की एकवीस?

"संपात एकवीस मार्चलाच असतो ना? मग तुम्ही दर वेळी वेगळी तारीख का सांगता? आणि ऋतू नक्की कधी सुरू होतो?"

तारीख मी बदलत नाही हो. संपात हा मुळात दिवसच नाही, क्षण आहे: सूर्यबिंबाचं केंद्र खगोलीय विषुववृत्त, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरची आकाशातली कल्पित रेषा, ओलांडतं तो क्षण. साऱ्या पृथ्वीला तो एकच. त्या वेळी कुणाच्या भिंतीवर कोणती तारीख आहे, याच्याशी सूर्याला काही देणंघेणं नाही.

हे मी अनेकदा शांतपणे सांगितलंय. एकदाच शांत राहता आलं नाही. शाळकरी मुलांच्या प्रश्नमंजूषेत मी परीक्षकांपैकी एक होतो. प्रश्न होता, '2024 मध्ये वसंतसंपात कधी?' एका मुलीनं ठणठणीत आवाजात 'वीस मार्च' सांगितलं. मुख्य परीक्षकांच्या कागदावर एकवीस होतं. गुण गेला, आणि त्या एका गुणावर तिचा संघ बाहेर पडला. मी मध्ये बोललो, तर उत्तर आलं, "सर, पुस्तकात एकवीस आहे. तुमचं शास्त्र नंतर बघू." मग मी उठून फळ्यावर लिहायला लागलो.

दोन वसंतसंपातांमधलं अंतर सरासरी 365 दिवस आणि 5 तास 49 मिनिटं. आपलं साधं वर्ष 365 दिवसांवर थांबतं, म्हणून संपात दर वर्षी सुमारे पावणेसहा तास पुढे सरकतो. 2023 चा संपात ग्रिनिचच्या वेळेनुसार 20 मार्चला रात्री 9:24 ला झाला. त्यात पावणेसहा तास मिळवले तर 2024 मध्ये 21 मार्चची पहाट यायला हवी होती. पण 29 फेब्रुवारी मध्ये आला, त्यानंतरची प्रत्येक तारीख एक दिवस उशिरा उगवली आणि संपात 20 मार्चच्या पहाटे 3:06 वर आला. आपल्याकडे सकाळचे 8:36, तारीख वीसच. न्यूयॉर्कमध्ये तर अजून 19 तारखेची रात्र होती. पुढे ग्रिनिचच्याच वेळेनुसार 2025 ला सकाळी 9:01, 2026 ला दुपारी 2:46, 2027 ला रात्री 8:25 अशी पुन्हा तीच चढण, आणि 2028 च्या लीप दिवसाला पुन्हा घसरण. 2027 मध्ये ग्रिनिचला 20 तारीख असेल आणि आपल्याकडे 21 तारखेचे पहाटेचे 1:55. त्या वर्षी मुख्य परीक्षक बरोबर ठरतील, निव्वळ साडेपाच तासांच्या कृपेनं.

सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "पण गुण देता येणार नाही." मुलगी फळ्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही. मला अजून वाटतं की मी तेव्हा उठून निघून जायला हवं होतं. आणि हेही वाटतं की त्यानं तिला काय मिळालं असतं?

आता पुस्तकाची बाजू. चार वर्षांत एक पूर्ण दिवस मिळवला की सुमारे पाऊण तास जास्तीचा मिळवला जातो. त्यामुळे संपात हळूहळू अलीकडे येत राहतो. 1903 मध्ये तो 21 मार्चला, ग्रिनिचच्या संध्याकाळी होता. 2096 मध्ये 19 मार्चला असेल. 2100 हे लीप वर्ष नसल्यामुळे तिथे तारीख पुन्हा पुढे ढकलली जाईल. म्हणजे 'एकवीस मार्च' हे आजोबांच्या काळात बऱ्याचदा खरं होतं. पुस्तक खोटं नाही, जुनं आहे. डिसेंबर आणि जूनच्या अयनदिनांची, म्हणजे सूर्य दक्षिणेच्या किंवा उत्तरेच्या टोकाला जाऊन वळतो त्या दिवसांचीही हीच कथा.

राहिला ऋतू. पूर्वी मी ठासून सांगायचो की संपाताच्या क्षणी वसंत सुरू, विषय संपला. आता त्या पूर्वीच्या मला विचारावंसं वाटतं: जूनचा अयनदिन उन्हाळ्याची सुरुवात, तर त्या दिवसापासून दिवस लहान का होत जातात? आणि समशीतोष्ण प्रदेशात खरा उकाडा त्यानंतर काही आठवड्यांनी का येतो? कारण जमीन आणि विशेषतः समुद्र, येणारी उष्णता जाणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त असेपर्यंत तापतच राहतात. सूर्य वळतो, हवा नंतर वळते. म्हणून हवामानशास्त्रज्ञ उत्तर गोलार्धात 1 मार्च, 1 जून असे सरळ महिने धरतात. पूर्ण महिन्यांच्या सरासऱ्या एकमेकींशी ताडून पाहता येतात. त्यांना क्षणाशी कर्तव्य नाही, आणि ते बरोबरच आहे. पण तो पूर्वीचा मी गप्प बसत नाही. म्हणतो, 1 जूनला आकाशात घडतं तरी काय? काहीच नाही. हेही खरंच आहे.

त्याच मार्चच्या क्षणी दक्षिण गोलार्धात शरद सुरू झाला म्हणतात, आणि विषुववृत्ताजवळच्या पुष्कळ भागांत ऋतू पावसावर ठरतो, संपातावर नाही. तेव्हा संपाताची वेळ विचाराल तर मिनिटापर्यंत सांगतो. ऋतूची तारीख विचाराल तर आधी तुम्ही कुठे उभे आहात ते सांगा, आणि कशासाठी हवी आहे तेही.