पगार वाढला आणि हातात कमी आला: जादा कापलेल्या टीडीएसचा माझा अनुभव

ऑक्टोबर २०२५ मध्ये माझा पगार महिन्याला ६,००० रुपयांनी वाढला आणि बँकेत जमा झालेली रक्कम ४,९४६ रुपयांनी घटली. आधी वाटलं, पीएफचं काहीतरी असेल. पण वाढ सगळी भत्त्यात होती, बेसिक होतं तसंच होतं. स्लिपमध्ये खाली बघितलं तर आयकराच्या ओळीत, जिथे सप्टेंबरपर्यंत शून्य असायचं, तिथे १०,९४६ लिहिलेलं.

पेरोलला फोन केला. पलीकडच्या मॅडम म्हणाल्या, "सर, तुमचं उत्पन्न बारा लाखांच्या वर गेलं, सिस्टिमने कर काढला." उत्तर खरं होतं, पण अर्धंच. नोव्हेंबरमध्येही तेवढीच कपात झाली तेव्हा मी पोर्टलवरून टॅक्स कॉम्प्युटेशन शीट काढली आणि पेन घेऊन बसलो.

मी नव्या करप्रणालीत आहे. एप्रिल ते सप्टेंबर पगार १,०५,००० होता. तो वर्षभर तसाच राहता तर १२,६०,००० झाले असते आणि ७५,००० ची स्टँडर्ड डिडक्शन वजा जाऊन करपात्र उत्पन्न ११,८५,००० उरलं असतं. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी १२ लाखांपर्यंत ८७ए कलमाची सवलत सगळा कर पुसून टाकत होती, म्हणून शून्य. वाढीनंतर मात्र मी रेषेच्या पलीकडे गेलो. सॉफ्टवेअरने सवलत काढून घेतली, पूर्ण स्लॅबने कर काढला आणि उरलेल्या सहा महिन्यांत वाटून टाकला.

चूक इथेच होती. रेषा जराशी ओलांडणाऱ्याचं असं नुकसान होऊ नये म्हणून त्याच ८७ए कलमात मार्जिनल रिलीफ दिलेला आहे: बारा लाखांच्या वर जेवढं उत्पन्न, त्यापेक्षा जास्त कर, सेस धरण्याआधी, घ्यायचा नाही. माझ्या शीटवर 'रिलीफ' अशी ओळ होती. तिच्यापुढे शून्य होतं! ज्यांचं करपात्र उत्पन्न १२ लाख आणि साधारण १२,७०,५८८ यांच्या मध्ये आहे, त्यांनी हीच ओळ आधी बघावी. त्याच्या पुढे स्लॅबचा करच वरच्या रकमेपेक्षा कमी भरतो, मग रिलीफचा प्रश्नच उरत नाही.

फोनवर हे समजावता येत नाही, हे मला पहिल्याच वेळी कळलं होतं. आकडे ऐकून कोणी पटवून घेत नाही, ते समोर मांडावे लागतात. शिवाय डिसेंबरचा पगार लॉक व्हायच्या आत ते पोचायला हवे होते. म्हणून ५ डिसेंबरला हे पत्र ईमेलने पाठवलं:

"प्रति, वेतन विभाग.
विषय: आर्थिक वर्ष २०२५-२६ मधील जादा आयकर कपात दुरुस्त करण्याबाबत.

महोदया, माझ्या पगारातून ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये प्रत्येकी १०,९४६ रुपये टीडीएस कापला आहे. कॉम्प्युटेशन शीटमध्ये मार्जिनल रिलीफ शून्य धरल्यामुळे ही कपात जास्त झाली आहे. माझा हिशोब असा:

एप्रिल ते सप्टेंबर, १,०५,००० × ६ = ६,३०,०००
ऑक्टोबर ते मार्च, १,११,००० × ६ = ६,६६,०००
वर्षाचा एकूण पगार = १२,९६,०००
वजा स्टँडर्ड डिडक्शन ७५,०००
करपात्र उत्पन्न = १२,२१,०००

४ ते ८ लाखांवर ५ टक्के = २०,०००
८ ते १२ लाखांवर १० टक्के = ४०,०००
उरलेल्या २१,००० वर १५ टक्के = ३,१५०
स्लॅबप्रमाणे कर = ६३,१५०

बारा लाखांवरचं उत्पन्न = २१,०००
म्हणून मार्जिनल रिलीफ = ६३,१५० − २१,००० = ४२,१५०
देय कर = २१,०००
अधिक ४ टक्के सेस ८४०
वर्षाचा एकूण कर = २१,८४०

आपल्या शीटमधला वर्षाचा कर ६५,६७६ आहे, म्हणजे ४३,८३६ रुपये जास्त. आतापर्यंत कापलेले २१,८९२ रुपये माझ्या वर्षभराच्या करापेक्षा ५२ रुपयांनी अधिकच आहेत. कलम १९२(३) प्रमाणे आधीची जादा कपात त्याच आर्थिक वर्षात पुढच्या कपातीतून कमी करता येते. तरी डिसेंबर ते मार्च या चार महिन्यांत माझा टीडीएस शून्य करावा, ही विनंती. सोबत दोन्ही महिन्यांच्या स्लिपा आणि शीट जोडली आहे."

१९२(३) चा उल्लेख मुद्दाम केला. पहिलं उत्तर काय येणार हे ओळखीच्या एकाने आधीच सांगितलं होतं आणि तेच आलं: "जास्तीचं रिटर्न भरताना रिफंड मिळेल." मिळतो, खोटं नाही. पण फॉर्म १६ मिळायला जून उजाडतो, त्यानंतर रिटर्न, त्यानंतर रिफंड. तोवर माझे चव्वेचाळीस हजारांच्या आसपास अडकून पडले असते. मी उलट एवढंच लिहिलं की कापून सरकारजमा झालेले पैसे मला परत देऊ नका, फक्त पुढचे कापू नका. या एका वाक्याने काम झालं असं मला वाटतं. त्यांना बहुतेक वाटत होतं की मी मागचे चलन उलटवायला सांगतोय.

दोन दिवसांनी मॅडमचाच फोन आला. हिशोब त्यांनी स्वतः करून बघितला होता. "आमच्या सेटिंगमध्ये तो नियम चालूच नव्हता," त्या म्हणाल्या, आणि पाठोपाठ विचारलं, "सर, बँकेचं व्याज वगैरे काही आहे का तुमचं?"

हा प्रश्न मला सुचायला हवा होता. मुदत ठेवीचं वर्षाचं ४,००० रुपये व्याज होतं. मार्जिनल रिलीफच्या पट्ट्यात असताना वरचा प्रत्येक रुपया सगळाच्या सगळा करात जातो आणि वर सेस लागतो. म्हणजे उत्पन्न १२,२५,०००, कर २५,०००, सेसधरून २६,०००. चार हजारांच्या व्याजावर ४,१६० रुपये कर! व्याज मिळवून मी १६० रुपयांनी खाली आलो. हे ऐकल्यावर मॅडमही हसल्या.

त्यांनी दोन पर्याय दिले: व्याज पेरोलला जाहीर करा, म्हणजे तेवढा कर आम्हीच कापू, नाहीतर रिटर्नच्या वेळी तुम्ही भरा. बाकी राहणारा कर दहा हजारांच्या आत असल्याने अ‍ॅडव्हान्स टॅक्सचं बंधन नव्हतं. मी दुसरा पर्याय घेतला, कारण नुकती सुधारलेली शीट पुन्हा हलवायची माझी तयारी नव्हती.

डिसेंबरच्या स्लिपमध्ये आयकरापुढे शून्य आलं आणि शीटवर रिलीफच्या ओळीत ४२,१५०. रिटर्नच्या वेळी ४,१६० मधून ते जादा ५२ वजा करून ४,१०८ रुपये भरायचे, तेवढं डायरीत लिहून ठेवलं आहे.