चार रिपोर्ट बरोबर आले, पाचव्याला पाच हजार

आयपीएल सुरू असताना एका संध्याकाळी पुण्यात शिकणाऱ्या माझ्या भाच्याचा फोन आला. "मामा, पाच हजार पाठवता का? शनिवारी परत करतो." कारण विचारलं तर आधी टाळत होता, मग सांगितलं. टेलिग्रामवरचा एक माणूस त्याला 'फिक्स मॅचचा रिपोर्ट', म्हणजे कोणता संघ जिंकणार ते सामन्याआधीच, सांगणार होता. आधीचे चार रिपोर्ट त्याने फुकट दिले होते आणि चारही बरोबर आले होते. पोराचा विश्वास बसला होता तो या चारावरच. मी ओरडलो असतो तर त्याने दुसऱ्याकडून पैसे घेतले असते. म्हणून म्हटलं, आठ दिवस थांब, मीही बघतो.

त्याच्याकडून लिंक घेऊन मी चॅनलमध्ये शिरलो. वर सगळीकडे जिंकलेल्या सामन्यांच्या पोस्ट, नोटांच्या गड्ड्यांचे फोटो. मी एकच काम धरलं: सामना सुरू व्हायच्या आधी आलेली प्रत्येक पोस्ट स्वतःच्या Saved Messages मध्ये फॉरवर्ड करायची. चॅनलवाल्याने मूळ पोस्ट नंतर बदलली तरी आपल्याकडची प्रत बदलत नाही. तिसऱ्याच रात्री फरक दिसला. माझ्या प्रतीत एका संघाचं नाव, चॅनलवर दुसऱ्या संघाचं आणि वेळेशेजारी बारीक अक्षरात edited. आणखी दोन चुकलेल्या पोस्ट तर चॅनलवरून गायबच झाल्या होत्या. पोस्ट काढून टाकली की तिथे काहीच खूण उरत नाही, त्यामुळे नव्याने येणाऱ्याला फक्त जिंकलेलेच सामने दिसतात. काही चॅनलवर फॉरवर्ड आणि स्क्रीनशॉट दोन्ही बंद केलेले असतात. तसं असेल तर दुसऱ्या फोनने फोटो काढून ठेवावा.

पण भाच्याचं म्हणणं वेगळं होतं. त्याला रिपोर्ट चॅनलवर नाही, खाजगी मेसेजमध्ये आले होते, सामन्याआधी, आणि ते बदललेले नव्हते. हे खरंच होतं. मग मी आणि बायकोने आपापल्या नंबरवरून त्याच माणसाला 'रिपोर्ट पाहिजे' असा मेसेज केला. एकाच सामन्यासाठी मला यजमान संघ जिंकणार म्हणून सांगितलं, तिला पाहुणा संघ. दोन्ही मेसेजमध्ये "शंभर टक्के फिक्स, घर विका पण लावा" हेच शब्द होते.

त्या रात्री भाच्याला व्हिडिओ कॉलवर कागदावर मांडून दाखवलं. समज 160 जणांनी मेसेज केला. 80 जणांना एक संघ सांगायचा, 80 जणांना दुसरा. ज्यांचा चुकला ते निघून जातात. उरलेल्या 80 चे पुन्हा दोन भाग, मग 40, मग 20, शेवटी 10. या 10 जणांना चार सामने सलग बरोबर मिळालेले असतात, एकही गोष्ट माहीत नसताना. प्रत्येकाने पाच हजार दिले तर 50,000 झाले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मी त्या दहांतला."

फिक्सिंग होतच नाही असं मी त्याला सांगितलं नाही, कारण ते खोटं ठरलं असतं. मे 2013 मध्ये दिल्ली पोलिसांनी राजस्थान रॉयल्सच्या तीन खेळाडूंना अटक केली होती (2015 मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं). पण तेव्हाचा आरोपही एखाद्या षटकात ठरलेल्या धावा देण्याचा होता, अख्ख्या सामन्याच्या निकालाचा नव्हता. आणि असं काही ज्याला खरंच ठाऊक असेल, तो ते गुपचूप वापरेल. जितक्या जणांना सांगेल तितका भाव पडेल आणि तितकीच पकडलं जाण्याची भीती वाढेल. पाच हजारांना अनोळखी पोरांना तो ते का विकेल?

एक शेवटची खात्री करायची होती. मी त्या माणसाला लिहिलं, "फी जिंकल्यावर देतो, दुप्पट देतो." उत्तर आलं, "आधी पेमेंट, मग रिपोर्ट." तयारी दाखवल्यावर म्हणाला की पाच हजार आत्ता आणि टॉसच्या आधी दहा हजार 'सिक्युरिटी', ती नंतर परत मिळेल. भाच्याला हे दहा हजार सांगितलेच नव्हते. पाठवलेला यूपीआय आयडी टाकला तर चॅनलवरच्या नावाऐवजी भलत्याच व्यक्तीचं नाव आलं. पैसे न भरता मी तिथून बाहेर पडलो.

सगळे स्क्रीनशॉट, चॅनलची लिंक आणि तो यूपीआय आयडी घालून cybercrime.gov.in वर तक्रार केली. भाच्याच्या खोलीतल्या एका मित्राने मात्र आदल्या दिवशीच पैसे भरले होते. त्याला लाजेने घरी सांगवत नव्हतं. त्याला मी फोनवर धरून सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर 1930 लावायला लावला, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळलं तरच बँकेला ते अडवता येतात. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम विचारली, ती त्याने दिली. पैसे अजून आलेले नाहीत.