मामेबहिणीच्या लग्नाला खरंच किती खर्च आला, माझा हिशोब

मामेबहिणीचं लग्न दुसऱ्या शहरात होतं, आम्ही तिघं जाऊन आलो, मी, नवरा आणि नऊ वर्षांची मुलगी. जायच्या आधी मी मनातल्या मनात अंदाज केला होता तो तिकीट अधिक गिफ्ट इतकाच. आल्यावर पुढचे दोन महिने हात आखडतच गेला तेव्हा म्हटलं नीट बसून मांडूया एकदा.

मी घरून फ्रीलान्स काम करते, जितकं काम तितके पैसे. म्हणून पैशात न मांडता दिवसात मांडलं, म्हणजे कुठल्या गोष्टीसाठी मला किती दिवस काम करावं लागतं. पहिली चूक इथेच झाली. महिन्याच्या कमाईला 30 ने भागलं. पण मी काम करते महिन्यातले 22 दिवस, मग 22 नेच भागायला पाहिजे ना, 30 ने भागलं की माझा दिवस जवळपास पाव हिश्शाने स्वस्त होतो आणि बुडालेला दिवस कागदावर उगाच हलका दिसतो. नवऱ्याचा नोकरीतला दिवस पण साधारण तेवढाच पडतो, म्हणून दोघांना एकच माप ठेवलं.

आधी बँकेचं त्या पाच दिवसांचं स्टेटमेंट काढलं आणि फसलेच. त्यात फक्त रूमचे आणि टॅक्सी-रिक्षाचे पैसे दिसले, पावणेचार दिवसांचे. बाकीचं सगळं आधीच गेलं होतं, कपडे लग्नाच्या दोन महिने आधी कार्डावर, जायची तिकिटं पण त्याच सुमारास, गिफ्टचे आदल्या आठवड्यात. त्यामुळे मग लग्नाआधीचे तीन महिने उघडून लग्नाशी संबंध असलेली एकेक ओळ वेचली.

प्रवास. जायची तिकिटं वेळेत काढली, तिघांची मिळून दीड दिवस. परतायचं मात्र ठरत नव्हतं, रविवारी रात्री निघायचं का सोमवारी थांबायचं, त्या घोळात तिकीट राहिलं आणि शेवटी तोच रस्ता दीडपट पैसे देऊन, सव्वादोन दिवस. आणि ज्याचा मी विचारच केला नव्हता ते म्हणजे मधल्या फेऱ्या. घर ते स्टेशन, स्टेशन ते रूम, रूम ते हॉल जाऊन-येऊन दोन दिवस, मग उलटं परत, मोजल्या तर आठ. एकेक चिल्लर वाटते पण आठ मिळून सव्वा दिवस, जायच्या तिकिटांपेक्षा थोडीच कमी. म्हणजे प्रवासच झाला पाच दिवसांचा.

राहणं दोन रात्री. गाडी पहाटे पोचली आणि चेक-इन दुपारी बाराला, मुलगी उभ्या उभ्या झोपत होती म्हणून अर्ध्या दिवसाचं भाडं जास्तीचं भरलं. एकूण अडीच. बाहेरच्या खाण्याचं वेगळं धरलं नाही, घरी असतो तरी तिघं जेवलोच असतो आणि बरीचशी जेवणं लग्नघरीच झाली, वजाबाकी करून काही उरत नव्हतं.

कपड्यांवर आमचं वाजलं. माझा ड्रेस फिटिंगसकट सव्वादोन दिवसांचा. मी म्हटलं हा पाच वेळा तरी घालीन, पाचने भागूया. नवरा म्हणाला, "अगं, मागचा पण पाच वेळा घालणार होतीस." गेले आणि कपाट उघडलं. तीन वर्षांपूर्वीच्या लग्नातला ड्रेस, त्याला आतल्या बाजूला लाँड्रीचं नंबराचं चिठोरं पिनेने लावलेलं तसंच होतं. म्हणजे एकदा घातला, धुवून आला, टांगला, संपलं. दुसरा बघितला, त्यालाही तेच. मग गप पूर्ण सव्वादोन लिहिले. मुलीचा एक दिवस, तो तर पुढच्या वर्षी तिला होणारच नाही. सँडल मात्र खर्चातून काढल्या कारण त्या मी आता रोज वापरते, जुन्या तशाही फाटल्याच होत्या. कपडे सव्वातीन.

गिफ्ट आम्ही चार भावंडांनी मिळून दिलं, आमचा वाटा दीड दिवस. थोरल्या दादाचा वाटा मी भरलाय, तो येणं म्हणून वेगळा लिहिला, खर्चात नाही धरला.

आता बुडालेलं काम, सगळ्यात किचकट. शुक्रवारचा अर्धा दिवस बांधाबांधीत, सोमवार पूर्ण, मंगळवारी सकाळी पोचलो आणि दुपारपर्यंत झोपले, म्हणून माझे दोन दिवस गेले. पण दोन्ही बुडाले असं नाही! एका क्लायंटचं काम पुढच्या आठवड्यात रात्री बसून पूर्ण केलं, पैसे पूर्ण मिळाले, ते फक्त पुढे ढकललं गेलं (झोप गेली ती कशात मोजू). दुसऱ्याला थांबायचं नव्हतं, त्याने ते काम दुसऱ्या कुणाला दिलं, एक दिवसाचं होतं. म्हणून लिहिला एक.

नवऱ्याचं म्हणणं त्याचा शून्य, कारण पगार कापला नाही, दीड रजा टाकली होती. मी म्हटलं वर्षअखेरीस उरलेल्या रजेचे पैसे मिळतात ना तुला? मिळतात, पण त्याच्याकडे ते फक्त बेसिकवर मिळतात आणि बेसिक पगाराच्या निम्मंच आहे. मग दीड रजेचा पाऊण दिवस धरला. ज्यांच्या रजा वर्षअखेरीला नुसत्या वाया जातात आणि तशाही उरणारच असतात त्यांनी खुशाल शून्य लिहावं, पण ज्यांच्या रजा संपत आल्यात त्यांनी पूर्ण दिवस धरावा, नंतर आजारी पडलं की रजा बिनपगारी पडणार.

बेरीज आली बरोबर चौदा दिवस. प्रवास पाच, राहणं अडीच, कपडे सव्वातीन, गिफ्ट दीड, माझं काम एक, त्याची रजा पाऊण. आधीचा माझा अंदाज होता साडेचार, दोन्हीकडची तिकिटं तीन आणि गिफ्ट दीड.

नवरा लगेच म्हणाला पुढच्या वेळी तू एकटी जा, तिसऱ्या हिश्शात होईल. म्हणून तेही मांडलं. रूम तेवढीच लागली असती, टॅक्सी माणशी पैसे घेत नाही, गिफ्ट तेवढंच, ड्रेस तोच, काम तेवढंच बुडालं असतं, कमी झाली असती फक्त दोघांची तिकिटं, मुलीचा ड्रेस आणि त्याची रजा. एकटीचा हिशोब पावणेदहा! म्हणजे ते दोघं सोबत आले त्याचे जास्तीचे फक्त सव्वाचार. मी घरी बसून राहिले असते तरच खरा खर्च वाचला असता, आणि मामेबहिणीच्या लग्नाला मी बसणार नव्हते.

वाचण्यासारखं होतं ते म्हणजे परतीच्या तिकिटातला पाऊण आणि पहाटेच्या रूमचा अर्धा, सव्वा दिवस फक्त. डिसेंबरात आत्याकडचं लग्न आहे, त्याचं परतीचं तिकीट काल काढलं, जायचं अजून बाकी आहे. दादाचे दीड दिवस अजून आले नाहीत.