अभिनंदनाचं एकच वाक्य

वागळे इस्टेटमध्ये आमचं छोटंसं काम आहे. कोल्ड रूममध्ये तापमान नोंदवणारे डेटा लॉगर लावायचे आणि कुठल्या कोपऱ्यात तापमान २ ते ८ अंशांच्या बाहेर जातं, त्याचा रिपोर्ट द्यायचा. यालाच मॅपिंग म्हणतात. महापेच्या एका औषध-वाहतूक स्टार्टअपला एका खोलीचं कोटेशन पाठवलं होतं. तीन आठवडे काहीच उत्तर नाही. मग बातमी वाचली, त्यांना सीरीज ए फंडिंग मिळालं.

फॉलोअपला आयतंच निमित्त. मी लगेच लिहायला घेतलं: इतक्या कोटींच्या यशाबद्दल हार्दिक अभिनंदन, आपल्या दूरदृष्टीचं हे फळ वगैरे. आमच्या हिशेब बघणाऱ्या सावंतकाकूंनी वाकून वाचलं. म्हणाल्या, "अरे, हा मेल आहे की तीन हात नाक्यावरचा फ्लेक्स?"

खरंच होतं ते. मेल जाणार होता ऑपरेशन्स बघणाऱ्या मॅडमना. फंडिंग आणलं संस्थापकांनी. मॅडमच्या वाट्याला आलं ते वाढलेलं काम. शिवाय कोटींचा आकडा टाकला की खरेदी करणाऱ्याला ऐकू येतं, 'आता तुमच्याकडे पैसे आहेत.' त्यापुढे माझं कोटेशन, म्हणजे तर बोलायलाच नको.

मग बातमी पुन्हा नीट वाचली. खाली एक ओळ होती: या पैशातून भिवंडीत नवं कोल्ड स्टोअर. माझ्या कामाचं तेवढंच होतं. आकडा काढला, गुंतवणूकदारांचं नाव काढलं, 'दूरदृष्टी' तर आधी काढली. चार दिवस थांबलो, कारण बातमीच्या दिवशी त्यांच्याकडे अभिनंदनाचाच पाऊस पडत असणार. नवा मेल न करता जुन्या कोटेशनच्या मेललाच रिप्लाय केला, म्हणजे शोधायला नको. मेल इंग्रजीत होता, मजकूर साधारण असा:

'भिवंडीचं स्टोअर सुरू होतंय हे वाचलं, अभिनंदन. तिथे माल भरण्याआधी रिकाम्या खोलीचं मॅपिंग करून घेतलं तर बरं. एकदा माल आत गेला की त्यासाठी तो पुन्हा बाहेर काढावा लागतो. भरलेल्या खोलीचं मॅपिंग नंतर वेगळं करावं लागेलच. महापेचा दर आधी दिला तोच आहे. भिवंडीची खोली साधारण कधी ताब्यात येईल?'

'अभिनंदन' पहिल्याच वाक्यात होतं, पण त्याला एक कारण जोडलेलं होतं. ते वाक्य दुसऱ्या कुठल्या कंपनीला जसंच्या तसं पाठवता आलं नसतं. मी स्वतःला तीच एक कसोटी लावली होती. सवलत, 'ऑफर या आठवड्यापुरती' असलं काही घातलं नाही. घातलं असतं तर अभिनंदन नुसतं आमिष वाटलं असतं.

तिसऱ्या दिवशी मॅडमचा मेल आला. अभिनंदनाबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. विचारलं होतं, 'भिवंडीची खोली महापेच्या तिप्पट आहे, लॉगर किती लागतील?' तो मेल मी सावंतकाकूंना दाखवला. त्या म्हणाल्या, "बरं, आता आकडा टाक."