नळाला पाणी आलं तेव्हा

पत्रिका पाहायला लागून मला चोवीस वर्षं झाली, तरी गेल्या आषाढात पहिली दहा मिनिटं मी चुकीचीच पत्रिका वाचत होतो.

सांगलीहून एक बाई आल्या होत्या. मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनिअर, वय पस्तिशीला टेकलेलं, लग्न नाही. सहा-सात महिने समुद्रावर. सुट्टीत घरी आला तरी आठवड्यात पिशवी भरतो आणि इगतपुरीला दहा दिवसांच्या मौन शिबिराला, नाहीतर नर्मदाकाठच्या कुठल्याशा आश्रमात जाऊन बसतो. एका ज्योतिषाने सांगितलं होतं, ‘बाराव्या घरी केतू, मुलगा संन्यास घेणार.’ वर लसण्याची अंगठी आणि 21 हजारांची शांती सुचवली होती. दुसऱ्याच्या पत्रिकेत केतू लग्नी, म्हणजे पहिल्याच घरात होता. खरं काय, हे विचारायला त्या आल्या होत्या.

जन्म सप्टेंबर 1990, पहाटे सव्वाचार. मी मांडली तर कर्क लग्न आलं. लग्नी उच्चीचा गुरू, म्हणजे हंसयोग, शेजारी केतू, दोघांत जेमतेम अंश-दीड अंशाचं अंतर. मी सुरू केलं, “थोडा विक्षिप्त असेल, पण माणसांत रमणारा, चारचौघांत मान असलेला...”

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. “काका, तो पाहुणे आले की गच्चीवर जातो.”

मी पेन खाली ठेवलं. लग्न म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, ती साधारण दोन तासांनी बदलते. त्या पहाटे साडेचारनंतर थोड्याच वेळात कर्क संपून सिंह लागत होतं. सिंह लग्न धरलं की तोच केतू आणि तोच गुरू बाराव्यात जातात. दोन पत्रिकांचं भांडण तिथेच होतं.

“सव्वाचार कुणी सांगितलं?”

“सासूबाईंनी. अंदाजाने.”

“त्या पहाटेचं आणखी काय आठवतं?”

त्यांनी डोळे मिटले. “बाळंतपण घरीच झालं. पावणेपाचला नळाला पाणी यायचं. सासूबाई घागर लावायला गेल्या आणि भरलेली घागर घेऊन आत आल्या, तेव्हा पोर रडलं.”

मग पावणेपाच उलटलेले. सिंह लग्न. पण एका घागरीवर सगळा भार कसा टाकायचा? म्हणून आयुष्य पडताळलं. घराबाहेर पहिल्यांदा कधी राहिला? अकराव्या वर्षी, निवासी शाळेत. रडला? “नाही, मीच रडले.” हे बाराव्याशीच जुळत होतं.

बारावं स्थान म्हणजे व्यय, परदेश, एकांत आणि झोप. त्याला शय्यास्थानही म्हणतात. केतू जिथे बसतो तिथली ओढ तोडतो, पण तेवढ्यावर फळ सांगणारा फसतो. आधी त्या राशीचा मालक बघायचा. इथे व्ययेश चंद्र, आणि तो दशमात वृषभेत, उच्चीचा. म्हणजे दूर राहणं कामाच्या वाटेने आलं. कर्क जलराशी, आणि नोकरीही पाण्यावरची. (इतकं चपखल बसलं की मी स्वतःवरच जरा संशय घेतो.) राहूची अठरा वर्षं संपून गुरूची महादशा लागली होती, आणि गुरू केतूजवळच. शिबिरांचं वेड याच काळात वाढलं होतं.

राहिला संन्यास. प्रव्रज्या योगाला एका घरात चार किंवा अधिक बलवान ग्रह लागतात. इथे लग्नी रवी, बुध आणि शुक्र, तीनच. त्यातला शुक्र विवाहाचा कारक. सप्तमाशी केतूचा संबंध नाही.

पण पत्रिकेला एक गोष्ट कळत नाही. एकांत हवासा वाटतो म्हणून माणूस एकटा राहतो, की कशापासून तरी पळतो, हे त्यालाच विचारावं लागतं. पळणाऱ्याची झोप उडालेली असते, जेवण सुटलेलं असतं. तसं असतं तर मी त्यांना डॉक्टरकडे पाठवलं असतं. जहाज बंदरात होतं, म्हणून फोन लागला.

“झोप कशी लागते रे?”

“जहाजावर मस्त. घरी नाही. समोरच्या खोलीत टीव्ही असतो, आई रात्री तीनदा उठून मला बघून जाते. काका, आल्यावर पहिले तीन-चार दिवस मला आवाज सोसत नाहीत, एवढंच.”

“आणि लग्न?”

“करीन की. सहा महिने मी नसणार हे मुलीला आधी सांगा म्हटलं, तर आई म्हणते, मग स्थळ हातचं जाईल.”

फोन स्पीकरवर होता. बाई पदराशी चाळा करत होत्या. मी अंगठी आणि शांती दोन्ही नको म्हणालो. दक्षिणा ठेवून त्या उठल्या, चप्पल घातली आणि दारात थांबल्या.

“काका, माडीवरची खोली नुसती अडगळीची आहे. ती झाडून तिथं त्याची गादी घातली तर?”